लहान चाचणीच्या ‘पद्धती’ विभागात रँडमायझेशन आणि कन्सीलमेंट नेमके कसे लिहावे?

नीरजा_प (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात शिकवते. आम्ही खांदा आखडलेल्या, म्हणजे फ्रोझन शोल्डरच्या, ६० रुग्णांवर एक छोटी चाचणी केली. एका गटाला फक्त व्यायाम दिला आणि दुसऱ्या गटाला त्याच व्यायामाबरोबर सांध्यात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन दिले. दोन्ही गटांत ३०-३० रुग्ण होते. कोणाला इंजेक्शन मिळाले हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत होते, कारण खोटे इंजेक्शन देणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही.

लेख नियतकालिकाकडे पाठवला होता, तो परीक्षकाच्या शेऱ्यासह परत आला. रँडमायझेशन आणि अलोकेशन कन्सीलमेंट यांचे वर्णन अपुरे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. आमचे वाक्य असे होते: ‘रुग्णांची संगणकाच्या साहाय्याने यादृच्छिकपणे दोन गटांत विभागणी करण्यात आली व त्यासाठी बंद लिफाफे वापरण्यात आले.’ यात काय कमी आहे आणि ते किती शब्दांत भरून काढावे, हे कोणी अनुभवी व्यक्ती सांगेल का?

प्रवासी_पाखरू (सोमवार, रात्री १०.१५)

माझ्या समजुतीप्रमाणे परीक्षकांना नमुना यादृच्छिक हवा असावा. आपल्या ओपीडीत येणाऱ्या सर्व रुग्णांची यादी करून त्यांतून ६० जण चिठ्ठी टाकून निवडले होते का? तसे नसेल, तर निष्कर्ष सर्व रुग्णांना लागू करता येणार नाहीत, असा आक्षेप असू शकतो.

आकडेमोड (सोमवार, रात्री ११.०५)

प्रवासी_पाखरू, आपण म्हणता तो प्रश्न सर्वेक्षणाचा आहे. चाचणीत जे रुग्ण येतात आणि संमती देतात तेच घेतले जातात. चिठ्ठी पडते ती त्यानंतर, कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे ठरवण्यासाठी. या दोन गोष्टी आपल्याकडच्या प्रबंधांत इतक्या वेळा एकत्र झालेल्या दिसतात की शंका विचारलीत हे बरेच झाले.

नीरजाताई, आपल्या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली, क्रमाची यादी कशी तयार झाली. दुसरी, ती यादी रुग्ण भरती करणाऱ्यापासून कशी लपवली. तिसरी, यादी कोणी केली, रुग्ण कोणी घेतला आणि लिफाफा कोणी उघडला. चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या कॉन्सॉर्टच्या २०१० च्या तपासणीयादीत या तिन्ही गोष्टी स्वतंत्र कलमांत मागितल्या आहेत, त्या तिघींची उत्तरे एकमेकींवर अवलंबून असली तरी. ‘संगणकाच्या साहाय्याने’ यातून पहिलीचे अर्धे उत्तर मिळते, ‘बंद लिफाफे’ यातून दुसरीचे पाव उत्तर मिळते आणि तिसरीचे काहीच मिळत नाही.

शब्द सुचवण्याआधी मला प्रत्यक्षात काय घडले ते कळायला हवे. ब्लॉक, म्हणजे दोन्ही गटांच्या समसमान चिठ्ठ्यांचे छोटे संच, वापरले होते का, आणि किती आकाराचे? लिफाफ्यांवर क्रमांक होते का? कागद उजेडात आरपार दिसत होता का? लिफाफे कोणाच्या ताब्यात होते?

डॉ_विश्राम (मंगळवार, सकाळी ७.२०)

मी तीस वर्षे रेसिडेंट्सना मार्गदर्शन करतो आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. ही चाचणी ओपन लेबल आहे. कोणाला काय मिळाले हे सर्वांना दिसत असताना कन्सीलमेंटचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ‘ब्लाइंडिंग शक्य नव्हते’ असे एक वाक्य लिहावे, यादी संगणकाने केल्याचे सांगावे आणि सुरुवातीच्या तक्त्यात दोन्ही गटांतील फरकांचे पी मूल्य द्यावे. सर्व मूल्ये ०.०५ पेक्षा अधिक असली की रँडमायझेशन नीट झाले हे आपोआप सिद्ध होते.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ८.१०)

डॉक्टरसाहेब, आपल्या अनुभवाबद्दल आदर ठेवून दोन्ही मुद्द्यांवर असहमती नोंदवतो. ‘ब्लाइंडिंग शक्य नव्हते’ हे वाक्य हवे, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण ब्लाइंडिंगचा प्रश्न रुग्ण गटात गेल्यानंतर सुरू होतो, तर कन्सीलमेंटचा प्रश्न तो गटात जाईपर्यंतच असतो. लिफाफा उघडल्यानंतर सर्वांना सर्व दिसले तरी चालते, मात्र पुढचा लिफाफा काय सांगणार हे ‘या रुग्णाला घ्यायचे का’ असे ठरवणाऱ्या व्यक्तीला आधी कळता कामा नये. त्यामुळे कन्सीलमेंट कोणत्याही चाचणीत करता येते, अगदी शस्त्रक्रिया विरुद्ध प्लास्टर अशा चाचणीतही. उलट ओपन लेबल चाचणीत त्याची गरज अधिक असते, कारण मागचे सगळे निकाल माहीत असल्यामुळे पुढचा निकाल ताडणे सोपे जाते.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीचे उदाहरण घ्या. तिच्यात १०७ क्षयरुग्ण होते. एका गटाला दिवसातून चार वेळा इंजेक्शन मिळत होते आणि दुसऱ्याला फक्त विश्रांती, म्हणजे वॉर्डमध्ये काहीच लपलेले नव्हते. तरीही क्रम यादृच्छिक अंकांच्या आधारे आधीच ठरवलेला होता, तो अन्वेषकांना ठाऊक नव्हता आणि बंद लिफाफ्यांच्या बाहेर फक्त रुग्णालयाचे नाव व क्रमांक होता. रुग्ण समितीने स्वीकारल्यानंतरच लिफाफा उघडला जाई. अहवालात हे सर्व इतक्या साध्या शब्दांत लिहिले आहे की आजही तो नमुना म्हणून वाचावा.

पी मूल्यांविषयी नीरजाताईंचे उत्तर आल्यावर लिहितो.

माधवी_वि (मंगळवार, दुपारी १.३०)

माझ्या एमएसच्या प्रबंधात आम्ही सोमवार आणि गुरुवारच्या ओपीडीचे रुग्ण एका गटात आणि मंगळवार व शुक्रवारचे दुसऱ्या गटात घेतले होते. माझ्या मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून मी ‘रँडमाइज्ड’ असे लिहिले आणि ते मंजूरही झाले. आता त्यातून लेख करायचा विचार आहे. ‘रँडम’ हा शब्द ठेवता येईल का?

आकडेमोड (मंगळवार, दुपारी ३.००)

माधवीताई, तो शब्द ठेवू नये. वार पाहून गट ठरला, तर रुग्ण दारात येताच त्याचा गट सर्वांना कळतो. ‘ओपीडीच्या वारानुसार विभागणी केली’ असे जसे घडले तसे लिहावे आणि शीर्षकातूनही ‘रँडमाइज्ड’ काढावे. सीटीआरआय या भारतातील चाचण्यांच्या नोंदवहीच्या नोंदणी अर्जात कन्सीलमेंटच्या पर्यायांमध्ये वार, केसपेपर क्रमांक, एकाआड एक आणि उघडी यादी हेही असतात. ते पर्याय तिथे आहेत म्हणून ते कन्सीलमेंट ठरत नाहीत, पण खरे काय झाले ते सांगण्याची सोय त्यामुळे होते.

नीरजा_प (मंगळवार, रात्री १०.२०)

सर्वांचे आभार. आज मी नोंदवही आणि उघडलेले लिफाफे घेऊन बसले होते. लिफाफे आम्ही जपून ठेवले होते हे नशीबच. जे आढळले ते जसेच्या तसे लिहिते.

यादी आमच्याच महाविद्यालयाच्या पीएसएम विभागातील एका सहकाऱ्याने संगणकावर केली. ब्लॉक चारचे होते आणि सर्व सारखेच, म्हणजे एकूण १५. लिफाफे खाकी होते, चिठ्ठी दोनदा दुमडलेली होती आणि बाहेर १ ते ६० क्रमांक होते. आज दिव्यासमोर धरून पाहिले तर काहीच दिसले नाही. इथपर्यंत मला समाधान वाटले. मात्र लिफाफे इंजेक्शनच्या खोलीतील खणात होते, त्याला कुलूप नव्हते, आणि रुग्ण तपासून संमती घेणारा रेसिडेंटच लिफाफा उघडत असे. गटाची नोंदही तोच करी. ब्लॉक चारचा असल्याचे प्रोटोकॉलमध्ये लिहिले होते आणि प्रोटोकॉलची प्रत त्याच्याकडे होती.

अजून एक गोष्ट आहे. व्यायामगटात मधुमेही १२ आहेत आणि इंजेक्शनगटात ५. डॉ. विश्राम म्हणतात तसे पी मूल्य ०.०५ पेक्षा जास्तच आले, पण माझे मन स्वस्थ नाही.

आकडेमोड (बुधवार, सकाळी ६.५०)

इतके मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. आता चारच्या ब्लॉकचे गणित सविस्तर मांडतो, कारण आपल्या लेखाचा कळीचा मुद्दा तोच आहे.

चारच्या ब्लॉकमध्ये दोन ‘इं’ आणि दोन ‘व्या’ असतात. त्यांच्या मांडण्या सहाच होतात. त्यांपैकी दोन मांडण्यांत, म्हणजे ‘इं इं व्या व्या’ आणि ‘व्या व्या इं इं’ यांत, पहिले दोन लिफाफे उघडताच उरलेले दोन न उघडता कळतात. बाकीच्या चार मांडण्यांत शेवटचा एक कळतो. सरासरी काढली तर दर ब्लॉकमागे एक पूर्णांक एक तृतीयांश लिफाफे आधीच कळतात. म्हणजे १५ ब्लॉकांत ६० पैकी साधारण २० रुग्णांचा गट लिफाफा बंद असतानाच ठाऊक असू शकतो. लिफाफा कितीही जाड असला तरी इथे त्याचा उपयोग होत नाही.

आता मधुमेहाकडे या. स्टिरॉइडने साखर वाढते हे रेसिडेंटला शिकवलेले असते. पुढचा लिफाफा इंजेक्शनचा आहे हे ठाऊक असेल आणि समोर साखर २५० असलेला रुग्ण बसला असेल, तर ‘आपण पुढच्या आठवड्यात या’ असे म्हणणे त्याला रुग्णाच्या हिताचेच वाटेल. यात लबाडी असावीच लागत नाही, आणि म्हणूनच ते थांबवण्याची जबाबदारी माणसावर न टाकता व्यवस्थेवर टाकावी लागते. ऑस्ट्रेलियातील अपेंडिक्सच्या एका चाचणीत रात्रपाळीचे रेसिडेंट अर्धपारदर्शक लिफाफे दिव्यासमोर धरत आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी वरिष्ठांना उठवावे लागू नये म्हणून उघड्या शस्त्रक्रियेचा लिफाफा शोधून काढत. बाजूला पडलेला दुर्बिणीचा लिफाफा सकाळच्या पहिल्या रुग्णाला मिळे.

१७ मधुमेहींची ५ आणि १२ किंवा त्याहून विषम अशी विभागणी निव्वळ योगायोगानेही सुमारे आठ टक्के वेळा होऊ शकते. म्हणून पी मूल्य इथे दोन्ही बाजूंनी निरुपयोगी आहे. ते मोठे आले म्हणून रँडमायझेशन निर्दोष ठरत नाही आणि लहान आले असते म्हणून दोष सिद्ध झाला नसता. कॉन्सॉर्टही सुरुवातीच्या तक्त्यासाठी अशी पी मूल्ये काढू नयेत असेच सांगते. त्यापेक्षा एक काम करा. लिफाफ्यांच्या क्रमाने जाऊन आधीच कळू शकणाऱ्या जागा वेगळ्या काढा आणि मधुमेही त्या जागांवर कसे विभागले आहेत ते पाहा. सोबतच लिफाफ्याचा क्रमांक आणि संमतीची तारीख एकाच क्रमाने वाढतात का, तेही तपासा.

परदेशी_कोरेगावकर (बुधवार, दुपारी ४.४५)

मी इंग्लंडमध्ये एका ट्रायल युनिटमध्ये समन्वयक आहे. आमच्याकडे लिफाफे आता जवळजवळ दिसत नाहीत. रुग्णाची माहिती संगणकावर भरून ‘पात्र आहे’ असे नोंदवले की मगच गट दिसतो, आणि ती नोंद मागे घेता येत नाही. पण ६० रुग्णांच्या चाचणीला एवढी यंत्रणा लागतेच असे नाही. दुसऱ्या इमारतीतील एखाद्या लिपिकाकडे यादी ठेवून फोन करायचा, त्याने आधी रुग्णाचे नाव आणि वेळ लिहून घ्यायची आणि मग गट सांगायचा, एवढ्यावरही काम भागते. लिफाफेच वापरायचे असतील तर आत ॲल्युमिनियम फॉइल आणि कार्बन पेपर घालावा. बाहेर रुग्णाचे नाव व तारीख लिहिली की ती कार्बनमधून चिठ्ठीवर उमटते, त्यामुळे नाव आधी लिहिले गेले आणि लिफाफा नंतर उघडला गेला याचा पुरावा राहतो.

आणि ब्लॉकचा आकार बदलता ठेवावा, म्हणजे कोणालाही ताडता येत नाही.

आकडेमोड (बुधवार, सायंकाळी ६.३०)

कोरेगावकर, फोनची सूचना उत्तम आहे. बदलत्या आकाराविषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. ताडणे अवघड होते, अशक्य होत नाही. सहाच्या ब्लॉकमध्येही आकार माहीत असेल तर सरासरी चारातला एक लिफाफा कळतो. म्हणून आकार बदलता ठेवावाच, शिवाय भरती करणाऱ्याला आकार सांगूही नये. तो प्रोटोकॉलच्या मुख्य भागात न लिहिता यादी करणाऱ्याकडच्या स्वतंत्र कागदावर ठेवावा आणि चाचणी संपल्यावर लेखात जाहीर करावा.

पुढच्या वेळी यादी करायला आर या संगणकभाषेतल्या एवढ्या ओळी पुरतात:

```r
set.seed(4821)
k <- sample(c(4, 6), 15, replace = TRUE)
x <- unlist(lapply(k, function(n)
  sample(rep(c("A", "B"), n / 2))))
```

`set.seed` मधला अंक इथे उदाहरणापुरता आहे. तो अंक ज्याच्या हाती लागेल त्याला संपूर्ण यादी पुन्हा काढता येते, म्हणून तोही भरती संपेपर्यंत गुप्त ठेवावा. लेखात आरची आवृत्ती लिहावी, कारण ३.६.० पासून `sample` ची अंतर्गत रीत बदलली आहे आणि तोच अंक दिला तरी जुन्या आवृत्तीत वेगळी यादी निघू शकते.

नीरजा_प (गुरुवार, रात्री ९.१५)

मोजणी झाली. संमतीच्या तारखा आणि लिफाफ्यांचे क्रमांक जुळतात, कुठेही उडी नाही. आधीच कळू शकणाऱ्या जागा १९ निघाल्या. त्यांत इंजेक्शनच्या १० जागांवर मधुमेही फक्त एक आहे आणि व्यायामाच्या ९ जागांवर पाच आहेत. उरलेल्या ४१ जागांवर इंजेक्शनच्या २० मध्ये चार आणि व्यायामाच्या २१ मध्ये सात आहेत.

रेसिडेंटशी आज शांतपणे बोलले. लिफाफे त्याने क्रमानेच उघडले होते. मात्र ‘कधी कधी पुढचे काय येणार याचा अंदाज यायचा’ असे तो स्वतःहून म्हणाला. कोणाला मुद्दाम पुढे ढकलल्याचे त्याला आठवत नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे, आणि त्याला यात एकटे पाडायचे नाही, कारण खण आणि प्रोटोकॉल दोन्ही माझ्या जबाबदारीचे होते.

पद्धती विभागाचा मसुदा असा केला आहे, इंग्रजीत नंतर उतरवेन:

‘विभागणीचा क्रम रुग्णांशी संबंध नसलेल्या पीएसएम विभागातील सहकाऱ्याने संगणकावर, चारच्या स्थिर आकाराचे ब्लॉक वापरून, एकास एक या प्रमाणात तयार केला. त्यानेच १ ते ६० क्रमांकांचे, चिठ्ठी दुमडून बंद केलेले अपारदर्शक लिफाफे भरले. रुग्णाची पात्रता तपासणे, संमती घेणे आणि त्यानंतर क्रमाने पुढचा लिफाफा उघडणे ही तिन्ही कामे एकाच निवासी डॉक्टरने केली. लिफाफे कुलूपबंद नव्हते. ब्लॉकचा आकार या डॉक्टरला माहीत होता आणि गट उघड असल्यामुळे ६० पैकी १९ रुग्णांचा गट लिफाफा उघडण्यापूर्वी अनुमानाने कळणे शक्य होते.’

डॉ_विश्राम (गुरुवार, रात्री १०.४०)

कन्सीलमेंट आणि ब्लाइंडिंग यांतला फरक मला या धाग्यामुळे नीट उमगला, हे मान्य करतो. परंतु मसुद्यातले शेवटचे वाक्य वाचून परीक्षक लेख नाकारतील अशी मला भीती वाटते. एवढे स्वतःहून का लिहावे? मधुमेहाचा हिशेब धरून विश्लेषण केले की प्रश्न मिटतो.

आकडेमोड (शुक्रवार, सकाळी ७.०५)

मधुमेहाचा हिशेब धरून केलेले विश्लेषण जरूर द्यावे आणि ते आकडे पाहिल्यानंतर ठरवले असे स्पष्ट म्हणावे. तथापि त्याने फक्त मोजलेल्या गोष्टीची भरपाई होते. ज्या रुग्णाची वेदना पाहून किंवा ‘हा व्यायाम करेल असे वाटत नाही’ असे मनात येऊन त्याला पुढच्या आठवड्यात बोलावले गेले असेल, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. शेवटचे वाक्य ठेवावे, असे माझे मत आहे. स्थिर ब्लॉक आणि ओपन लेबल हे दोन शब्द एकत्र दिसले की जाणकार वाचक ते गणित स्वतःच करतो.

आपल्या आकड्यांविषयी बोलायचे तर १० मध्ये एक आणि ९ मध्ये पाच हा फरक मला संशयास्पद वाटतो, पण तेवढ्यावर निर्णय देणार नाही, कारण रुग्ण थोडे आहेत आणि कल उरलेल्या जागांवरही त्याच दिशेला आहे. मसुद्यात एक भर घालावी. लिफाफे अपारदर्शक होते, ही खात्री कशी केली ते लिहावे, म्हणजे भरतीनंतर दिव्यासमोर धरून पाहिले, आधी तपासले नव्हते.

परदेशी_कोरेगावकर (शुक्रवार, दुपारी २.२०)

माझे मत थोडे वेगळे आहे. काय केले ते पद्धती विभागात यावे आणि १९ रुग्णांचे अनुमान मर्यादांच्या परिच्छेदात, मधुमेहाच्या आकड्यांना लागून यावे. पद्धती विभागात मूल्यमापन मिसळले की दोन्ही वाचायला अवघड जातात. शिवाय सीटीआरआयच्या नोंदीत काय लिहिले आहे तेही पाहा. लेख आणि नोंद यांत फरक असेल तर परीक्षकांच्या तो लगेच लक्षात येतो.

नीरजा_प (शुक्रवार, रात्री ८.५०)

नोंद पाहिली. लिफाफ्यांचा पर्याय बरोबर निवडलेला आहे, पण क्रम तयार करण्याच्या रकान्यात बदलत्या आकाराचे ब्लॉक असा पर्याय आहे. अर्ज कोणी भरला हे आता आठवत नाही. उद्या पीएसएमच्या सहकाऱ्याकडून मूळ यादीची फाईल घेते आणि आधी ती नोंद दुरुस्त करण्याची विनंती पाठवते. १९ चे वाक्य कुठे ठेवायचे यावर माझा अजून निर्णय झालेला नाही, म्हणून संपादकांनाच विचारणार आहे.